आत किती माणसं आहेत?

बांधकामावर काही पडलं किंवा पेटलं की अग्निशमन दलाची गाडी येते. गाडीतून उतरणारा अधिकारी पाण्याचं विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, आत किती माणसं आहेत? माझ्या नोकरीच्या काळात या प्रश्नाला मिळालेली बहुतेक उत्तरं 'असतील' या शब्दाने संपत. वीस-पंचवीस असतील, पण सुतार जेवायला गेले असतील, आणि लादीवाले आज आले नसतील. अशा उत्तरावर बचावपथकाला ढिगारा उपसायला लावणं म्हणजे अंधारात चाचपडायला लावणं. कुणी आत नसलेल्या जागी दोन तास खणलं जातं आणि जिथे माणूस आहे तिकडे कुणी फिरकत नाही.

गव्हाणच्या या साइटसाठी तयार झालेली ही पुस्तिका वरच्या प्रश्नाभोवती बांधलेली आहे. आग लागली किंवा स्लॅब, सेंटरिंग, भिंत कोसळली, तर कुणी काय करायचं, माणसांनी कुठे जमायचं आणि कुणी कुणाला काय कळवायचं, इतकाच तिचा विषय आहे. अपघात टाळायचा कसा हे हिच्यात नाही, त्याचं पुस्तक वेगळं. फक्त एका ठिकाणी ती सीमा मुद्दाम ओलांडली आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

सुरुवात रात्रीपासून करतो. २९ जून २०१९ च्या पहाटेआधी पुण्यात कोंढव्याला शेजारच्या सोसायटीची संरक्षक भिंत बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. ३ फेब्रुवारी २०२२ ला येरवड्याच्या शास्त्रीनगरात सळयांची उभी जाळी कोसळून ५ मजूर दगावले, तेव्हाही रात्रच होती. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारा लाँचर खाली आला आणि २० जणांचा जीव गेला. कारणं तिन्हीकडे वेगळी होती. वेळ मात्र सारखी होती. ज्यांची नावं आणि मोबाइल नंबर ऑफिसातल्या फ्रेममध्ये लावलेले असतात, ते साइट इनचार्ज, सेफ्टी ऑफिसर आणि टाइमकीपर एरवी त्या वेळी घरी असतात. दिवसा निवांतपणे केलेल्या योजना रात्री कुणाच्या खांद्यावर येतात, हे आपण क्वचित पाहतो.

म्हणून या पुस्तिकेत माणसांची नावं नाहीत, पदं आहेत, आणि प्रत्येक पदाला रात्रीचा बदली आहे. मुख्य नियंत्रक दिवसा साइट इनचार्ज असतो. रात्री स्लॅब भरणं चालू असेल तर जो इंजिनिअर स्लॅबवर उभा आहे तोच नियंत्रक, मग त्याचं वय तेवीस का असेना. त्याने वरिष्ठांना फोन लावून 'काय करू साहेब' विचारत बसायचं नाही. पंप बंद करायचा आणि माणसं खाली उतरवायची, हा हुकूम देण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला आहे, आणि त्या कागदावर मालकाची सही आहे. ही सही मिळवायला जेवढा वेळ गेला तेवढा बाकी पुस्तिका लिहायलाही गेला नाही, हे नमूद करायला हरकत नाही.

आता जागेबद्दल. उलवे-गव्हाण पट्ट्यातली बरीच बांधकामं साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभी आहेत. ज्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या त्यांना विकसित जमिनीतला हा वाटा मिळाला, आणि त्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात माणसांनी गोळ्या झेलल्या. तो इतिहास इथल्या घराघरांत आहे. आपल्या कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की भूखंड लहान आहेत. आपला भूखंड साधारण ३० मीटर बाय ३५ मीटर. त्यावर स्टिल्ट आणि सात मजले, म्हणजे पूर्ण झाल्यावर उंची सुमारे २४ मीटर. कोसळण्याच्या प्रसंगी माणसांनी इमारतीच्या उंचीच्या निदान दीडपट अंतरावर उभं राहावं, असा आम्ही धरलेला नियम आहे. २४ ची दीडपट ३६ होते. इमारत भूखंडाच्या मधोमध आहे. मग ३६ मीटर अंतर भूखंडात कुठे सापडणार?

कुठेच नाही. तरीसुद्धा जवळजवळ प्रत्येक साइटवर गेटला लागून हिरवी पाटी असते, त्यावर चार बाण आणि मधे माणसं. बहुतेकदा तिच्या एका बाजूला जनरेटरची डिझेल टाकी असते आणि डोक्यावर माल चढवणाऱ्या लिफ्टची चौकट. शिवाय अग्निशमनाची गाडी त्याच गेटमधून आत येणार. म्हणजे जमलेली साठ माणसं पडणाऱ्या मालाखाली, पेटणाऱ्या डिझेलजवळ आणि गाडीच्या वाटेत उभी! पाटी लावणाऱ्याने नियम पाळला, पण जागा चुकली.

आपण दोन्ही जमण्याच्या जागा कुंपणाबाहेर घेतल्या आहेत. एक रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, दुसरी मागच्या बाजूला, पायवाटेच्या टोकाला. प्लॉट दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने मालकाकडून लेखी परवानगी घेतली आहे, आणि तिथे कुणी वाळू-खडी टाकली तर पंधरवड्याच्या पाहणीत ते दिसलं पाहिजे. दोन जागा का, तर वाऱ्यामुळे. पावसाळ्यात इथे वारा नैऋत्येकडून येतो, उन्हाळ्याच्या दुपारी खाडी-समुद्राकडून, आणि हिवाळ्याच्या पहाटे उलट जमिनीकडून. धुराच्या दिशेला माणसं जमवून चालत नाही. वरच्या स्लॅबच्या एका उभ्या सळईला कापडाची पट्टी बांधलेली आहे. आग असेल तेव्हा वॉचमनने ती पाहायची आणि पट्टी ज्या बाजूला फडफडते त्याच्या उलट बाजूच्या जागेकडे हात करायचा. पडझड असेल तेव्हा वाऱ्याशी घेणंदेणं नाही. जी बाजू पडली तिच्या विरुद्ध बाजूची जागा. आग आणि पडझड यांना एकच जागा देता येत नाही, हे इथे स्पष्ट होतं. माणसांना हे एकदा प्रत्यक्ष चालवून दाखवलं की पुरतं. कागदावरून कुणाला कळत नाही.

माणसं जमली की मोजणी. इथेच सगळं घसरतं. मस्टर संध्याकाळी भरलं जातं, कारण ते पगारासाठी असतं. दुपारी तीनला मस्टर उघडलं तर आजचा रकाना कोरा दिसतो. शिवाय मस्टर प्रत्येक ठेकेदाराचं वेगळं. मिक्सरचा ड्रायव्हर, पंपाचा ऑपरेटर, नळाचं सामान टाकायला आलेला टेम्पोवाला, फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब, यांतलं कुणीच कोणत्याही मस्टरवर नसतं. मजुरांच्या खोल्यांतल्या बायका आणि मुलं तर नसतातच. कोंढव्याला जे मातीखाली गेले त्यांच्यातली मुलं कोणत्या हजेरीपटावर असणार होती?

आम्ही त्यावर जुनाच उपाय केला आहे, बिल्ल्यांचा. गेटवर फळी आहे, फळीला खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. आत जाणारा आपला बिल्ला काढून टोळीच्या रंगाच्या हुकावर लावतो, बाहेर पडताना परत खिळ्यावर. पाहुण्यांना पांढरा बिल्ला. खोल्यांमध्ये राहणाऱ्यांची वेगळी फळी आहे, तिच्यावर मुलांचेही बिल्ले आहेत. पडझड झाली की वॉचमन ती फळीच उचलून जमण्याच्या जागी नेतो. पण बिल्ला खोटं बोलू शकतो. जेवायला घाईत बाहेर पडलेला तो परत लावायला विसरतो. म्हणून फळीच्या जोडीला मुकादम. मुकादमाला आपल्या टोळीचे चेहरे पाठ असतात. त्याने फळीकडे न पाहता डोकी मोजायची आणि आकडा हजेरी घेणाऱ्याला तोंडी सांगायचा. दोन आकडे जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर ज्या नावावर तफावत आहे त्याचा मोबाइल लावायचा आणि तो सकाळपासून कोणत्या मजल्यावर, कोणत्या खांबांच्या मधे होता हे सोबत्यांना विचारायचं. मोबाइल लावण्याचा फायदा दुहेरी. माणूस टपरीवर असला तर सापडतो, ढिगाऱ्यात असला तर रिंग ऐकू येऊ शकते.

एका साइटवर (नाव सांगत नाही) मी एकदा अचानक मोजणी मागितली होती. एरवीचे सराव सकाळी अकराला होत, आदल्या दिवशी सगळ्यांना कळवून, नंतर वडापाव. त्या दिवशी मी रात्री साडेनवाला घंटा वाजवली. शेवटचा आकडा माझ्या हातात पडेपर्यंत एक्केचाळीस मिनिटं झाली, आणि तो चुकीचा होता. दोन माणसं तिसऱ्या मजल्यावर मच्छरदाणीत झोपलेली होती. ती तिथे झोपतात हे मुकादम सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आता इशारे. साइटवर बंगाली, बिहारी, ओडिया, तेलुगू आणि सोलापूर-नांदेडकडची मराठी टोळी असते. ओरडण्यात सगळ्यांची भाषा एक होते, 'हटो, हटो', पण कुठे हटायचं हे त्यातून कळत नाही. म्हणून शब्द वगळून आवाज ठरवले आहेत. आगीला हाताने वाजवायची पितळी घंटा, सलग. पडझडीला हाताने फिरवायचा भोंगा, आणि त्याच्या खुणा बचावपथकं जगभर वापरतात त्याच घेतल्या आहेत. एकेका सेकंदाचे तीन छोटे आवाज म्हणजे जागा सोडा. तीन सेकंदांचा एक लांब आवाज म्हणजे सगळं थांबवा, गप्प बसा. एक लांब आणि एक छोटा म्हणजे काम पुन्हा सुरू. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची तुकडी आली तर तिला आपल्या माणसांना नव्याने काही शिकवावं लागणार नाही. घंटा आणि भोंगा दोन्ही हाताचे आहेत, कारण विजेवरचा सायरन नेमका पहिल्या मिनिटाला मुका होतो. पडझडीत जनरेटर बंद करणं हे स्विचवाल्याचं पहिलं काम आहे.

त्यातून आणखी एक अडचण निघाली. वीज तोडली की दिवे जातात, आणि पाण्याचा पंपही. स्लॅबवर पाणी मारायला बसवलेला पंप हीच आपल्याकडे आगीच्या पहिल्या दहा मिनिटांची ताकद. तो मुख्य स्विचच्या पुढच्या लाइनीवर असेल तर आगीत वीज तोडताना आपण स्वतःचं पाणीही तोडतो. म्हणून त्या पंपाची केबल मुख्य स्विचच्या आधीच, वेगळ्या स्विचवरून घेतली आहे. त्याचा डबा लाल आहे आणि बाकी सगळे डबे राखाडी. बॅटरीचे चार दिवे जिन्यात आणि दोन गेटवर आहेत.

बांधकामाच्या आगीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पहिली, ती वर जाते ती इमारतीभोवतीच्या हिरव्या जाळीवरून. वेल्डिंगची एक ठिणगी खालच्या प्लायवर किंवा गोणपाटावर पडली की जाळी पेटते आणि धूर सगळ्या मजल्यांवर एकदम शिरतो. दुसरी, पळायला जिना एकच असतो आणि तो सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. वरच्या स्लॅबवरून खाली यायला शिडी. ती एकच असेल आणि आग तिच्याच बाजूला लागली तर काय होईल हे लिहायची गरज नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन शिड्या, आणि माल चढवायच्या लिफ्टला हात नाही. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला उंच इमारतीच्या गच्चीवरून काम संपवून उतरणारे मजूर लिफ्टसकट खाली कोसळले, ७ जण गेले. तो आगीचा प्रसंग नव्हता, रविवारची नेहमीची संध्याकाळ होती.

आता जिथे सीमा ओलांडली तो भाग. समजा रात्रीचे साडेअकरा आहेत, पाचवा स्लॅब भरणं चालू आहे. वर चौतीस माणसं आहेत. पंपातून काँक्रीट एका कोपऱ्यात जास्त साचतंय, कारण पाइप हलवायला माणूस आळसावलाय. खालच्या स्लॅबवर प्रॉप उभे आहेत. स्लॅब अचानक पडल्यासारखा वाटतो, पण बऱ्याचदा आधी बोलतो. प्लायच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी एकाएकी जास्त गळायला लागतं, एखादा प्रॉप पोटातून वाकतो, लाकडी तुळईचा कडकड आवाज येतो, वर उभ्या माणसाला पायाखाली ओला भाग खोलगट लागतो. स्टिल्टचं सेंटरिंग होतं तेव्हा तर प्रॉप थेट भरावावर उभे होते. इथली माती खाडीकाठची, चिकण आणि मऊ, पावसात प्रॉपखालची फळी जाड नसेल तर पाय रुततो. एक प्रॉप दोन सेंटिमीटर बसला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, मग ते एकामागून एक सुटतात.

म्हणून प्रत्येक स्लॅबला एक पहारेकरी सुतार नेमला आहे. टॉर्च, शिटी आणि अधिकार, इतकंच त्याच्याकडे. तो भरणाऱ्या भागाच्या बरोबर खाली उभा राहत नाही, कडेला उभा राहून तिरका प्रकाश टाकतो. वर सांगितलेल्या खुणांपैकी काही दिसलं की तीन छोट्या शिट्या, आणि पंपवाल्याने कुणाला न विचारता पंप थांबवायचा. गेल्या स्लॅबला त्याने चुकून दोनदा शिटी वाजवली आणि पंपाचा पाऊण तास वाया गेला. ठेकेदार चिडला. मला ते फार स्वस्तात पडलं असं वाटतं.

आणि तरीही पडलं, तर? पहिल्या मिनिटाला पंप आणि जनरेटर बंद, तीन छोटे आवाज, सगळे विरुद्ध बाजूच्या जागेकडे. आत धावायचं नाही. हे पाळणं सर्वांत कठीण आहे, कारण आत सख्खा भाऊ असू शकतो. पण उरलेला अर्धा स्लॅब अजून लटकत असतो, आणि एका टेकूला ओढ बसली तरी तोही खाली येतो. जेसीबी मागवून ढिगारा ओढायला लावणं हे आपल्याकडचं नेहमीचं चुकीचं धाडस. मोजणी झाली, तफावतीची नावं कळली, की एक लांब आवाज, सगळे शांत, आणि कडेवरून नावाने हाका. पृष्ठभागावर दिसणाऱ्याला, पाय ठेवायला पक्की जागा असेल तिथून, दोघांनी काढायचं. ओल्या काँक्रीटमध्ये रुतलेल्याचं नाक-तोंड आधी हाताने मोकळं करायचं, मग छाती. पाण्याने धुवत राहायचं, कारण ते काँक्रीट कातडी जाळतं आणि काही तासांत घट्ट होतं. तुळईखाली पाय किंवा मांडी तासाभरापेक्षा जास्त दबलेली असेल तर डॉक्टर येईपर्यंत वजन उचलायचं नाही. चिरडलेल्या स्नायूंतलं विष एकदम रक्तात सुटलं की शुद्धीवर बोलणारा माणूस दगावतो. पाणी पाजा, बोलत राहा, पण उचलू नका. ही एक ओळ मुकादमांना तीन वेळा सांगावी लागली, तरी ती कुणाला पटलेली नाही असं मला अजून वाटतं.

फोनचं काम एकाच माणसाकडे. ११२, १०१, १०८. काय सांगायचं हे एका कार्डावर छापून गेटच्या केबिनमध्ये, बिल्ल्यांच्या फळीच्या मागे चिकटवलं आहे, आणि त्याचं पहिलं वाक्य पत्ता आहे. आमचा पत्ता सोपा वाटतो पण फसवतो. 'गव्हाण' म्हटलं की कुणी गावात जातो, कुणी फाट्यावर, कुणी उरण लाइनच्या स्टेशनवर. म्हणून कार्डावर सेक्टर, भूखंड क्रमांक, जवळच्या शाळेचं नाव आणि 'फाट्यावर पिवळं हेल्मेट घातलेला माणूस उभा आहे' हे वाक्य आहे. तो माणूस खरोखर मोटरसायकलवर फाट्यावर जाऊन उभा राहतो. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेतून गाडीला वाट काढून देणं हेही त्याचंच काम.

कायद्याबद्दल थोडक्यात. २०२५ पर्यंत लागू होता तो इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे केंद्रीय नियम. त्यांतल्या ३६ व्या नियमात आग, पडझड, दरड, पूर अशा प्रसंगांची योजना करून मंजुरीला पाठवायला सांगितलं होतं, पण पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे. गव्हाणच्या लहान भूखंडांवर साठ-सत्तर माणसं असतात. तो नियम त्यांना गाठतच नव्हता. स्लॅबला मात्र खाली किती माणसं आहेत ते ठाऊक नसतं. ही पुस्तिका कुठल्याही मंजुरीसाठी लिहिलेली नाही, म्हणूनच ती अठरा पानांची आहे. मंजुरीसाठी लिहिली असती तर एकशे ऐंशी झाली असती.

शेवटचं पान सुटं आहे, पिनेने लावलेलं. त्यावर या आठवड्याचा स्लॅब, त्या रात्रीचा नियंत्रक, पहारेकरी सुतार, दोन शिड्यांचे कोपरे आणि कुठल्या बाजूला माल पडलाय, इतकं पेन्सिलीने लिहायचं आहे. मी ही ओळ लिहीत असताना त्यावर पाचवा स्लॅब आहे. ही प्रस्तावना छापून येईपर्यंत सहावा भरून झालेला असेल. तेव्हा पुस्तिका हातात आली की आधी शेवटचं पान उघडा आणि त्यावरची तारीख बघा.